बारा पानांची चित्रकथा: चौकटींची विभागणी, संवादांचा तोल आणि पान उलटण्याची जागा

ओवी

नमस्कार. मी कथा लिहिते. चित्रकथेची संहिता मात्र प्रथमच लिहीत आहे. माझी एक जुनी कथा एका दिवाळी अंकासाठी बारा पानांच्या चित्रकथेत बसवायची आहे. चित्रे काढणारी मैत्रीण दुसऱ्या शहरात राहते, त्यामुळे जे सांगायचे ते संहितेतूनच सांगावे लागणार आहे. प्रत्येक पान साधारण ए-५ आकाराचे असेल आणि छपाई कृष्णधवल असेल.

कथा थोडक्यात अशी. वडिलांच्या निधनानंतर सुमित्रा त्यांचे लंबकाचे भिंतीवरचे घड्याळ घेऊन कोल्हापुरातल्या गणपतरावांच्या दुरुस्तीच्या दुकानात येते. घड्याळ चालते, पण चार वाजता अकरा टोले देते. घड्याळाच्या खालच्या काचेवर वेलबुट्टी रंगवलेली असल्यामुळे आतली फळी बाहेरून दिसत नाही. गणपतराव ते दार उघडतात, तेव्हा फळीवर वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा सापडतात, आणि प्रत्येक तारखेपुढे ‘सुमी आली’ असे लिहिलेले असते. ती माहेरी असेल तेवढेच दिवस वडील घड्याळ चालू ठेवत. ती येण्याच्या दिवशी ते घाईने काटे फिरवून वेळ लावत, म्हणून टोले चुकत गेले.

माझ्या मसुद्यात हा प्रसंग सातव्या पानावर येतो. त्याची सुरुवात अशी लिहिली आहे:

> पान ७, चौकट १: गणपतराव खुर्चीवरून उठतात, घड्याळाचे दार उघडतात, लंबक काढून बाजूला ठेवतात आणि आत टॉर्च मारतात. सुमित्रा पुढे वाकते. फळीवर तारखा दिसतात.
> गणपतराव: “ताई, तुमच्या वडिलांनी तुम्ही घरी आल्याच्या तारखा इथे लिहून ठेवल्या आहेत, आणि तुम्ही गेल्यावर ते घड्याळ बंद ठेवत असणार, म्हणून तर हे टोले चुकतात.”
> सुमित्रा: “म्हणजे मी नसताना या घरात वेळच नव्हती!”

मैत्रिणीने मसुदा वाचून एवढेच कळवले आहे की हे एका चौकटीत काढता येणार नाही आणि काढले तरी कोणाच्या मनाला भिडणार नाही. तिचे म्हणणे मला पटते, पण कुठे हात घालावा ते समजत नाही. शिवाय पहिली चार पाने रेंगाळतात आणि शेवटची दोन धावतात असेही तिला वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पटकथा_वही

मी लघुपटांसाठी लिहितो. माझ्या अनुभवानुसार आधी दुकानाचे एक दूरचे दृश्य द्यावे, त्यानंतर मध्यम अंतराची दृश्ये आणि भावनेच्या क्षणी चेहरा जवळून दाखवावा. दोन पात्रांच्या जागा मात्र बदलू नयेत. सुमित्रा डावीकडे आणि गणपतराव उजवीकडे असतील तर प्रसंग संपेपर्यंत तसेच राहावेत, नाहीतर कोण कोणाकडे पाहत आहे याचा गोंधळ होतो. पटकथेत एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट असे आम्ही धरतो. त्या हिशेबाने तुमची कथा बारा मिनिटांची झाली. दार उघडण्याचा क्षण सातव्या मिनिटाला येणे योग्यच आहे, तो हलवू नये.

रेघ

ओवीताई, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. मी आधी पानाच्या जागेविषयी लिहितो, कारण चौकटींची विभागणी तिच्यावर अवलंबून आहे.

तुमची कथा उजव्या पानावर सुरू होते असे धरू. मग पान १ उजवीकडे एकटे येते, त्यानंतर २-३, ४-५, ६-७, ८-९ आणि १०-११ या समोरासमोरच्या जोड्या होतात आणि १२ डावीकडे येते. वाचक पान उलटतो तो विषम पानाच्या शेवटी. उलटल्याबरोबर त्याची नजर सम पानाच्या वरच्या भागावर पडते, पण त्याच वेळी समोरचे विषम पानही डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत असतेच. तुमच्या तारखा सातव्या पानावर आहेत, म्हणजे वाचक सहाव्या पानाचा पहिला संवाद वाचत असतानाच उजवीकडे ती लिहिलेली फळी पाहून मोकळा झालेला असतो. दार उघडायच्या आधीच आत काय आहे ते त्याला कळलेले असते. जे लपवायचे आहे ते सम पानावर, शक्यतो पहिल्याच चौकटीत यावे, आणि त्याआधीच्या विषम पानाची शेवटची चौकट अशी असावी की पान उलटावेसे वाटेल.

पटकथा_वही यांचे पात्रांच्या जागांविषयीचे म्हणणे बरोबर आहे, मिनिटांचा हिशेब मात्र इथे लागू होत नाही. चित्रकथेत वेळ वाचकाच्या हातात असते. एका पानभर चित्रासमोर तो बराच वेळ थांबेल आणि नऊ लहान चौकटींवरून झरझर पुढे जाईल. आपल्या हातात तीनच गोष्टी आहेत: पानावर चौकटी किती, प्रत्येकीत शब्द किती आणि पान उलटते कुठे. म्हणून हा प्रसंग सातव्यावरून सहाव्या पानावर आणा. त्यासाठी पहिल्या पाच-सहा पानांतून एक पान कमी करावे लागेल. ती पाने रेंगाळतात असे तुमची मैत्रीण म्हणतेच आहे. तेच वाचलेले पान शेवटी द्या, म्हणजे दोन्ही तक्रारी एकदम सुटतील.

आता चौकटीविषयी. तुमच्या पहिल्या चौकटीत गणपतराव उठतात, दार उघडतात, लंबक काढतात आणि टॉर्च मारतात. स्थिर चित्रात एक माणूस एकच क्षण जगू शकतो. संहिता लिहिताना प्रत्येक चौकटीपुरते एकच क्रियापद ठेवून पाहा. दुसरे आले की एकतर दुसरी चौकट हवी किंवा ती क्रिया दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेत घडू द्यावी. गणपतराव खुर्चीत बसलेले दाखवले आणि पुढच्या चौकटीत त्यांचा हात दाराच्या कडीवर दाखवला, तर ते उठून तिथपर्यंत आले हे वाचक स्वतः भरून घेतो. लंबक बाजूला काढल्याचे मात्र दाखवावे, कारण टिकटिक थांबण्याचा तो क्षण आहे.

मांडणीकार

मी अंकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करतो, त्यामुळे मला फुग्यांविषयी सांगायचे आहे. ए-५ पानावर दोन रकाने आणि तीन ओळी अशा सहा चौकटी घेतल्या, तर समास सोडून प्रत्येक चौकट साधारण सहा सेंटिमीटर लांब आणि तेवढीच उंच मिळते. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्यामुळे दहा पॉइंटच्या अक्षराला दोन ओळींमध्ये चौदा पॉइंटचे अंतर तरी ठेवावे लागते. त्याहून कमी ठेवले तर वरच्या ओळीतला ‘रू’ खालच्या ओळीतल्या ‘की’च्या वेलांटीला चिकटतो. मराठी शब्दही लांब असतात. ‘दुकानासमोरच्या’ हा एकच शब्द जवळजवळ अर्धी ओळ खातो. साडेतीन सेंटिमीटर रुंदीच्या मजकुरात एका ओळीत सरासरी तीन शब्द बसतात.

गणपतरावांचे तुमचे वाक्य मी मोजले, ते चोवीस शब्दांचे आहे. म्हणजे आठ ओळी, म्हणजे सुमारे चार सेंटिमीटर, आणि फुग्याची वरखालची मोकळी जागा धरून पाच. सहा सेंटिमीटरच्या चौकटीत गणपतरावांच्या डोक्याला जागा उरत नाही, मग घड्याळ कुठे काढणार? इंग्रजी चित्रकथांच्या धर्तीवर एका फुग्यात पंचवीस शब्दांपर्यंत चालते असे अनेक नवे लेखक धरून चालतात. मराठीत या आकाराच्या पानावर मी बारा ते चौदा शब्दांच्या पुढे जाऊ देत नाही, आणि एका चौकटीत सगळे मिळून वीस.

दुसरे म्हणजे, आपल्या लिपीत मोठी अक्षरे आणि लहान अक्षरे असा भेद नाही. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर तो ठळक करणे किंवा अक्षराचा आकार वाढवणे एवढेच उपाय आहेत. म्हणून जोर कोणत्या शब्दावर आहे ते संहितेत अधोरेखित करून द्या. नाहीतर जुळणी करणारा अंदाजाने ठरवतो.

आता माझ्याकडे घडलेला एक प्रसंग, कारण तो रेघ यांच्या मुद्द्याशी थेट जोडलेला आहे. एका अंकात अशीच चित्रकथा होती आणि लेखकाने पान उलटण्याच्या जागा फार काळजीने साधल्या होत्या. छपाईच्या आदल्या रात्री एक पानभर जाहिरात आली, ती कथेच्या आधी गेली आणि सगळी कथा एक पान सरकली. जी रहस्ये डावीकडे होती ती सगळी उजवीकडे गेली. कथा वाचनीय होती, पण तिचा एकही धक्का बसला नाही, आणि तो का बसला नाही हे कोणाला सांगताही आले नाही. म्हणून ‘कथा उजव्या पानावरच सुरू व्हावी’ हे संहितेच्या पहिल्या ओळीत लिहा आणि संपादकांकडून ते लेखी मान्य करून घ्या.

जुना_वाचक

तुम्ही सगळे शब्द कापायच्या मागे लागला आहात, हे मला पटत नाही. आमच्या पिढीने १९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्र कथा वाचत वाचन शिकून घेतले. त्यात जवळजवळ प्रत्येक पानावर निवेदनाच्या पट्ट्या असत आणि त्यामुळे कथा समजायला कधी अडचण आली नाही. मराठी वाचक शब्दांवर प्रेम करणारा आहे. ओवीताईंची मूळ कथा गद्यात आहे, तिच्यातली चांगली वाक्ये निवेदनाच्या पट्ट्यांमध्ये का ठेवू नयेत? ‘मी नसताना या घरात वेळच नव्हती’ हे वाक्य मला फार आवडले. ते गेले तर कथेचा प्राण जाईल.

घड्याळप्रेमी

तुमचे घड्याळ दुरुस्त होण्यासारखे आहे, काळजी करू नका. अशा जुन्या घड्याळांत टोल्यांची संख्या खाचा असलेल्या एका चाकावर ठरते आणि त्या चाकाला काटे कुठे आहेत हे माहीत नसते. बाराच्या आकड्यावरून मिनिटकाटा घाईने पुढे नेला आणि टोले पुरे होऊ दिले नाहीत, तर टोले मागे राहतात. चार वाजता अकरा पडतात, म्हणजे टोले पाच तास मागे आहेत. बऱ्याच घड्याळांत खाली एक तार असते, ती ओढली की टोले पुढे सरकतात. चार आकडा येईपर्यंत ओढत राहायचे, मग ताळमेळ बसतो. काटे उलटे फिरवू नका, त्याने यंत्र बिघडू शकते. तबकडीवर चावीची दोन भोके असतात, एक चालण्याचे आणि एक टोल्यांचे. दोन्हींना चावी दिली आहे ना, तेही पाहा.

ओवी

घड्याळप्रेमी, हे घड्याळ कथेतले आहे, माझ्या घरचे नाही. पण तुम्ही दिलेली माहिती मला फार उपयोगी पडणार आहे. काटे घाईने फिरवल्यावर टोले मागे राहतात हे मी ऐकीव माहितीवर लिहिले होते. आता गणपतराव ते बोलून सांगण्याऐवजी हाताने करून दाखवू शकतील. चावीची दोन भोके आणि ती तार या दोन्ही गोष्टी मी मैत्रिणीला कळवते.

जुना_वाचक यांच्या मुद्द्यावर रेघ आणि मांडणीकार यांचे मत ऐकायला आवडेल, कारण ते वाक्य माझ्याही जवळचे आहे.

रेघ

जुना_वाचक यांनी दिलेले उदाहरण खरे आहे, पण त्या पट्ट्या तिथे एक ठरावीक काम करत होत्या. एका राजाचे सगळे आयुष्य थोड्या पानांत सांगायचे असेल, तर ‘काही वर्षांनंतर’ किंवा ‘इकडे राजधानीत’ असे सांगितल्याशिवाय चित्रे एकमेकांना जोडली जात नाहीत. ओवीताईंची कथा एका दुकानात, एका दुपारी घडते. उडी मारायला काळ नाही आणि स्थळही नाही. इथे पट्टी आली की ती चित्रात दिसणारी गोष्टच पुन्हा सांगू लागते. चित्रात सुमित्रा रडत आहे आणि वर पट्टीत ‘सुमित्राच्या डोळ्यांत पाणी आले’ असे असेल, तर त्यांपैकी एक काढून टाकले तरी काही बिघडत नाही. ज्या ठिकाणी पट्टी आणि चित्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, तिथे मात्र पट्टी जरूर ठेवावी.

‘मी नसताना या घरात वेळच नव्हती’ हे वाक्य गद्यात छान आहे, कारण गद्यात वाचकाला फळी दिसत नाही. चित्रात ती फळी समोर असताना सुमित्राने हे वाक्य उच्चारले, तर वाचकाने मनात जे म्हणायचे ते तीच म्हणून टाकते. मी ते वाक्य फुग्यातून काढीन. जुना_वाचक यांना हे मान्य होणार नाही याची मला कल्पना आहे.

आणखी एक गोष्ट राहून जाऊ नये. फळीवरच्या तारखा हेही शब्दच आहेत. वाचक त्या वाचायला थांबणार, म्हणून त्या चौकटीत दुसरा एकही फुगा नको. पंधरा ओळी लिहिलेल्या असतील, पण त्यांतल्या तीन किंवा चारच वाचता येतील अशा काढायला सांगा. उरलेल्या नुसत्या पेन्सिलीच्या खुणा दिसाव्यात. कोणत्या ओळी वाचता याव्यात आणि त्यांत अक्षरशः काय लिहिले आहे, ते संहितेत द्या.

पटकथा_वही

मिनिटांचा हिशेब मी मागे घेतो. पण माझा एक प्रश्न आहे. सुमित्रा डावीकडे आणि गणपतराव उजवीकडे असे ठरवले आणि गणपतराव आधी बोलले तर? आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, मग आधी सुमित्राचा फुगा वाचला जाईल आणि उत्तर प्रश्नाच्या आधी येईल. चित्रपटात ही अडचण येत नाही.

रेघ

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक संहितांमध्ये चित्रकार इथेच अडकतो. सर्वांत सोपा उपाय असा की दुकानातली बैठकच संवादानुसार ठरवावी. या प्रसंगात प्रश्न बहुतांशी गणपतराव विचारतात, तर त्यांचे टेबल डावीकडे घ्यावे आणि सुमित्राला उजवीकडे बसवावे. एखाद्या चौकटीत ती आधी बोलत असेल, तर तिचा फुगा वर आणि गणपतरावांचा खाली ठेवता येतो, पण त्यासाठी चौकटीच्या वरच्या भागात मोकळी जागा हवी आणि ती हवी हे संहितेत लिहिले पाहिजे. तेही जमत नसेल तर दोघांना दोन वेगळ्या चौकटी द्याव्यात. एका चौकटीत प्रश्न, उत्तर आणि पुन्हा प्रश्न असे तीन फुगे आले, तर मी तरी ती चौकट फोडतो.

ओवी

सर्वांच्या सूचना घेऊन पाचव्या पानाची शेवटची चौकट आणि सहावे-सातवे पान पुन्हा लिहिले आहे. गणपतरावांचे टेबल आता डावीकडे आहे.

> पान ५ (उजवे), शेवटची चौकट: रुंद चौकट. दार उघडलेले आहे, पण ते आपल्याकडे पाठ करून, त्यामुळे आतले काही दिसत नाही. गणपतरावांच्या हातात टॉर्च. आतून परतलेला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर. लंबक टेबलावर आडवा पडलेला. संवाद नाही, टिकटिकही नाही.
>
> पान ६ (डावे), तीन चौकटी
> चौकट १: पानाचा वरचा दोन तृतीयांश भाग. घड्याळाची आतली फळी, समोरून. पेन्सिलीच्या अनेक ओळी, वर पुसट आणि खाली ठळक. वाचता येणाऱ्या ओळी तीन: ‘१२ मे, सुमी आली’, ‘२ नोव्हें., सुमी आली’, आणि सर्वांत खाली तारखेशिवाय ‘सुमी येणार’. फुगा नाही.
> चौकट २: खाली डावीकडे. गणपतराव. ते घड्याळाकडे न पाहता सुमित्राकडे पाहत आहेत.
> गणपतराव: “अक्षर ओळखता?”
> चौकट ३: खाली उजवीकडे. सुमित्राचा चेहरा. संवाद नाही.
>
> पान ७ (उजवे), सहा चौकटी, सगळ्या सारख्या आकाराच्या
> चौकट १: दोघे, मध्ये घड्याळ.
> गणपतराव: “चावी कोण द्यायचं?”
> सुमित्रा: “बाबा.”
> चौकट २: गणपतराव, जवळून.
> गणपतराव: “<u>रोज</u>?”
> चौकट ३: सुमित्राचे बोट फळीवरच्या एका ओळीखाली. संवाद नाही.
> चौकट ४: सुमित्रा.
> सुमित्रा: “मी असायचे तेव्हा चालू असायचं.”
> चौकट ५: तबकडी, जवळून. चावीची दोन भोके दिसावीत. गणपतरावांचे बोट मिनिटकाट्यावर, काटा बाराच्या पुढे गेलेला.
> गणपतराव, चौकटीबाहेरून: “काटे घाईनं फिरवले, की टोले मागं राहतात.”
> चौकट ६: चौकट १ सारखीच, त्याच कोनातून. दोघेही गप्प.

‘सुमी येणार’ ही शेवटची ओळ मूळ कथेत नव्हती. संहिता लिहिताना सुचली. ती राहावी की नाही याविषयी मी साशंक आहे.

मांडणीकार

आता सातव्या पानावर संवादाचे वीसही शब्द नाहीत. सर्वांत मोठा फुगा सात शब्दांचा आहे, तो तीन ओळींत बसेल. माझ्या बाजूने काही अडचण नाही. फळीवरच्या ओळी संगणकावरच्या अक्षरात जुळवू नयेत, मैत्रिणीने त्या हातानेच लिहाव्यात. आणि फळीवरचा सर्वांत लहान आकडाही छापल्यावर दोन मिलिमीटरपेक्षा लहान होऊ देऊ नका. कृष्णधवल छपाईत पेन्सिलीचा करडा रंग बारीक ठिपक्यांनी छापला जातो, आणि त्या ठिपक्यांत बारीक अक्षरांच्या कडा तुटतात.

रेघ

सहावे पान मला फार आवडले. सातव्यावर एकच सूचना आहे. चौथी आणि पाचवी चौकट यांच्यामध्ये सुमित्रा स्वतः काहीतरी जोडते, आणि पाचवीत गणपतराव त्याचे कारण सांगतात. तिथे त्यांचे वाक्यही काढून टाकले आणि नुसता काटा बाराच्या पुढे गेलेला दाखवला तर पुरेल का, याचा विचार करावा. त्यासाठी आधी, तिसऱ्या पानावर, गणपतरावांनी दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाला ‘काटे हळू फिरवा, टोले पुरे होऊ द्या’ असे सहज सांगितलेले असले पाहिजे. मग इथे नुसते चित्र बोलेल. तसे पेरले नाही तर मात्र वाक्य ठेवा, कारण घड्याळाचे यंत्र माहीत नसलेल्या वाचकाला नुसत्या बोटावरून काहीच कळणार नाही.

आता दुसऱ्या पानावरचे अकरा टोले, त्यांचे तुम्ही काय केले आहे?

ओवी

सध्या एका चौकटीत ‘टण्’ हा शब्द अकरा वेळा आहे.

रेघ

ती जागा फार मोलाची आहे, वाया घालवू नका. पहिल्या पानाच्या शेवटच्या चौकटीत काटे चारावर येऊ द्या. पान उलटले की दुसऱ्या पानावर सहा चौकटी घ्या आणि ‘टण्’ त्या सर्वांच्या वरच्या कडेने, एका चौकटीतून दुसरीत जात राहू दे. पहिल्या पाच चौकटींत दोन-दोन आणि सहावीत एक, असे अकरा होतात. खाली सुमित्रा आणि गणपतराव यांचे नेहमीचे बोलणे चालू असेल. दोन-तीन चौकटींपर्यंत वाचकाला काही वाटणार नाही, कारण चार टोले दुसऱ्या चौकटीतच पुरे होतात. तिसऱ्या चौकटीत गणपतरावांनी बोलता बोलता मान वर करावी. पाचवीत दोघांचेही बोलणे थांबलेले असावे. सहावीत शेवटचा टोला आणि गणपतरावांचा एकच शब्द: “अकरा.” म्हणजे संवाद, आवाज आणि चौकटींची संख्या ही तिन्ही एकाच वेळी मोजली जातात, आणि घड्याळाच्या दोषाविषयी एकही स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. बहुतेक वाचक टोले मोजणार नाहीत, म्हणून तो ‘अकरा’ हा शब्द मात्र हवाच.

यामुळे आणखी एक गोष्ट साधते. तुमची पहिली चार पाने रेंगाळतात, कारण घड्याळ बिघडले आहे हे सुमित्रा दोन पाने सांगत बसते. ते काम आता एका पानात होते, आणि तुम्हाला जे पान कापायचे होते ते इथेच सापडते.

फोनवर_वाचतो

हा धागा वाचून एक शंका आली. आजकाल बरेच दिवाळी अंक फोनवरही वाचले जातात. फोनवर एका वेळी एकच पान दिसते, कधी तर एकच चौकट, आणि वाचक खाली सरकवत जातो. तिथे डावे पान नाही, उजवे पान नाही आणि पान उलटणेही नाही. मग ही सारी मेहनत त्या वाचकासाठी वाया जाणार का?

मांडणीकार

अंक जर छापील पानांचीच पीडीएफ देणार असेल आणि ती एकेक पान दिसेल अशी उघडत असेल, तर उलट प्रत्येक पानानंतर उलटणे येते. सहावे पान तिथेही चालेल. खाली सरकवत वाचायचे असेल, तर पाचव्या पानाची शेवटची चौकट आणि फळीची चौकट यांच्यामध्ये भरपूर पांढरी जागा सोडावी लागेल, म्हणजे फळी एकदम पडद्यावर येणार नाही. टोल्यांचे पान मात्र मला तिथे कसे करावे ते समजत नाही. चौकटी एकाखाली एक आल्या की वरच्या कडेने जाणारा आवाज तुटतो.

फोनवर_वाचतो

टोले डाव्या कडेने वरून खाली घेतले तर? चौकटी त्याच्या उजवीकडे.

रेघ

जमू शकेल, पण मग फोनसाठी ते पान वेगळे काढावे लागेल. एकाच चित्रातून दोन्ही साधतील असे मला वाटत नाही. ओवीताईंच्या मैत्रिणीकडे तेवढा वेळ आहे का, त्यावर ते ठरेल.

जुना_वाचक

नवी पाने वाचली. सहावे पान प्रभावी झाले आहे हे मान्य करतो. पण सातव्या पानानंतर सुमित्राच्या मनात काय चालले आहे हे मला कुठेच ऐकू येत नाही, आणि शेवटची पाच पाने अशीच गप्प गेली तर मला वाचक म्हणून बाहेर उभे केल्यासारखे वाटेल. ते वाक्य सातव्या पानावर नको असेल, तर शेवटच्या पानावर, घड्याळ घरी भिंतीवर लावल्यानंतर एकाच पट्टीत येऊ द्यावे. तिथे चित्रात फळी दिसत नाही, म्हणजे रेघ यांच्या नियमातही ते बसते.

आणि ‘सुमी येणार’ ही ओळ काढू नका.

रेघ

शेवटच्या पानावरच्या पट्टीला माझा विरोध नाही. त्या चित्रात घड्याळ बंद असेल तर ती पट्टी चित्राच्या उलट काहीतरी सांगेल आणि जागा कमावेल. घड्याळ चालू असेल तर मला ती नको वाटते. ‘सुमी येणार’ या ओळीविषयी माझे मत वेगळे आहे. ती वाचकाचा हुंदका ओढून काढते, आणि तारखांची निमूट यादी तिच्याशिवाय अधिक खरी वाटते. पण हा रुचीचा प्रश्न आहे, तंत्राचा नाही.

ओवी

टोल्यांचे पान आणि तिसऱ्या पानावरचे ‘टोले पुरे होऊ द्या’ हे दोन्ही मी घेत आहे. शेवटच्या पानावर घड्याळ चालू असावे की बंद, हे मी अजून ठरवलेले नाही, आणि पट्टी त्यानंतरच ठरेल. ‘सुमी येणार’ असलेली आणि नसलेली अशी फळीची दोन कच्ची रेखाटने मैत्रिणीला करायला सांगितली आहेत. मांडणीकार, संपादकांना पत्र लिहीत आहे. ‘कथा उजव्या पानावर सुरू व्हावी’ एवढे लिहून पुरेल, की जाहिरातीचाही उल्लेख करावा?

मांडणीकार

जाहिरातीचा उल्लेख जरूर करा. असे लिहा: ‘कथेच्या आधी पानभर मजकूर किंवा जाहिरात वाढल्यास ती दोन पानांच्या पटीत वाढवावी, किंवा कथेनंतर घ्यावी.’ नुसते ‘उजव्या पानावर’ असे लिहिले की शेवटच्या घाईत कोणी ते वाचत नाही. कारण दिले की वाचतात. कथेच्या पानांच्या मध्ये जाहिरात येऊ नये हेही त्यातच लिहा, आणि पत्रासोबत बारा पानांचा लहानसा घडीचा नमुना पाठवा, ज्यावर प्रत्येक पानाचा क्रमांक आणि डावे-उजवे लिहिलेले असेल.